पेवातली हळद कुणाची बुडाली?

कायद्याच्या परीक्षेत मालविक्रीवर एक प्रश्न हमखास येतो. तपशील बदलतात, सांगाडा तोच राहतो. इथे तो आपल्या मातीतला घेऊ.

हरिपूरच्या सांगलीकरांकडे चार नंबरच्या पेवात हळद आहे. १ जुलैला ते नागपूरच्या नागपूरकरांना फोनवर सांगतात, "चार नंबरच्या पेवातली सगळी हळद तुमची. दर चौदा हजार रुपये क्विंटल. पेव आम्ही उघडू, पोत्यांत भरू, काट्यावर तोलू. वजन झालं की बिल पाठवतो." नागपूरकर म्हणतात, "पक्कं." पेव उघडायच्या आत, २५ जुलैला, कृष्णेला पूर येतो आणि सगळी हळद सडते.

याच दोघांचा दुसराही सौदा आहे. गोदामात नागपूरकरांनी स्वतः पाहून निवडलेली शंभर पोती, प्रत्येकी पन्नास किलोची, त्याच दराने, तीस दिवसांच्या उधारीवर. सांगलीकरांनी ती १८ जुलैला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रकने रवाना केली. बिल्टी नागपूरकरांच्या नावाची, आणि ती त्यांच्या हाती पोहोचलेलीही आहे. २१ तारखेला सांगलीकरांच्या कानावर येतं की नागपूरकरांचे चेक एकामागून एक परत जातायत, बाजारात त्यांनी पैसे द्यायचं थांबवलंय. पोती तेव्हा नागपूरजवळ वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरलेली आहेत. मधल्या काळात नागपूरकरांनी त्यातली चाळीस पोती गोंदियाच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली आहेत.

आता सांगा : पेवातली हळद कुणाची बुडाली, आणि शंभर पोत्यांचं सांगलीकर काय करू शकतात?

विद्यार्थी चुकतो तो बहुतेक वेळा पहिल्या ओळीतच. "पैसे दिलेले नव्हते, म्हणून माल सांगलीकरांचाच होता", असं तो ठोकून देतो. किंवा "माल ताब्यात दिलेला नव्हता, म्हणून नुकसान सांगलीकरांचं". बाजारातला माणूसही असंच म्हणेल. १९३० चा मालविक्री कायदा मात्र मालकीचा प्रश्न पैशांना विचारत नाही आणि ताब्यालाही विचारत नाही. दोघांनी सौदा करताना काय ठरवलं, ते तो विचारतो. कलम १९ म्हणतं की विशिष्ट माल असेल तर मालकी पक्षकारांना जेव्हा जावी असं वाटत होतं तेव्हा जाते. हे मनातलं ओळखायचं कराराच्या अटींवरून, दोघांच्या वागण्यावरून आणि एकूण परिस्थितीवरून. अर्थात, सौदा करताना कुणी "मालकी नेमकी कधी जाईल बरं?" असं बोलत नाही. लोक दर बोलतात, वजन बोलतात, गाडी कधी येईल ते बोलतात. म्हणून पुढच्या काही कलमांत कायद्याने, वेगळं काही ठरलं नसेल तर लागू होणारे नियम घालून दिलेत. परीक्षेतला अर्धा प्रश्न हे नियम लावण्याचा असतो.

मालकी एकदा ठरली की जोखीम सहसा तिच्या मागोमाग जाते. कलम २६ चा मूळ नियम तोच आहे : ज्याची मालकी, त्याची जोखीम, मग माल हाती पोहोचलेला असो वा नसो. म्हणून क्रम सांभाळायचा. आधी मालकी, मग जोखीम, आणि शेवटी पैशांची वसुली. क्रम उलटा केला की उत्तर भरकटतं.

आता पेवाकडे येऊ. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी : सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवण्याची जुनी रीत आहे. खड्ड्याच्या आतल्या बाजूने पेंढा लावतात, हळद ओततात, वरून झाकून मातीने तोंड बंद करतात. आत हवा उरत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद बराच काळ टिकते. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, कारण आत श्वास घ्यायला हवा नसते. ते थोडा वेळ उघडं ठेवून मगच हमाल खाली जातो. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं होतं, तेव्हा आपलं उदाहरण हवेतलं नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने पेव हा फार सोयीचा नमुना आहे. माल कुठे आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक, पण तो नेमका किती, हे उघडून तोलल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

चार नंबरच्या पेवातली सगळी हळद विकली, म्हणजे माल विशिष्ट आहे, ठरलेला आहे. इथपर्यंत शंका नाही. पण दर क्विंटलवर आहे, आणि तोलून देण्याचं काम सांगलीकरांनी अंगावर घेतलंय. कलम २२ नेमकं यासाठीच आहे. माल विशिष्ट आहे, नेण्याजोग्या अवस्थेत आहे, पण किंमत काढण्यासाठी विक्रेत्याने तो तोलणं, मोजणं किंवा तपासणं बाकी आहे, तर ते काम होऊन खरेदीदाराला त्याची खबर मिळेपर्यंत मालकी जात नाही. दोन्ही गोष्टी लागतात, काम आणि खबर. सांगलीकरांनी २४ तारखेला तोलून पोती रचून ठेवली असती आणि नागपूरकरांना फोन करायचा राहून गेला असता, तरी २५ ला नुकसान सांगलीकरांचंच झालं असतं. शिवाय आपल्या प्रश्नात पेव उघडून पोत्यांत भरणंही त्यांच्याकडेच आहे, म्हणजे माल अजून देण्याजोग्या अवस्थेलाच आलेला नाही. कलम २१ ही तेच सांगतं : विक्रेत्याला मालावर काही काम करून तो देण्याजोगा करायचा असेल, तर ते काम आणि त्याची खबर होईपर्यंत मालकी त्याच्याकडेच.

मालकी सांगलीकरांची, म्हणून जोखीमही त्यांचीच. हळद त्यांची सडली. आणि कलम ८ पुढचं सांगतं : विशिष्ट मालाचा सौदा ठरला, पण जोखीम खरेदीदाराकडे जायच्या आत कुणाचीही चूक नसताना माल नष्ट झाला, तर तो करारच सुटतो. नागपूरकर नुकसानभरपाई मागू शकत नाहीत, सांगलीकर किंमत मागू शकत नाहीत.

याच्या तोंडावळ्याचा एक जुना इंग्लिश खटला आहे, १८०९ मधला झॅगुरी विरुद्ध फर्नेल. बकऱ्याच्या कातड्यांचे २८९ गठ्ठे विकले गेले होते. प्रत्येक गठ्ठ्यात पाच डझन कातडी, दर डझनावर. रिवाजाप्रमाणे मोजून द्यायचं काम विक्रेत्याचं. मोजणी होण्याआधी आग लागून सगळी जळाली आणि नुकसान विक्रेत्यावर पडलं. आपला कायदा १८९३ च्या इंग्लंडच्या कायद्यावर बेतलेला आहे. त्याआधी हा सगळा विषय आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यातच होता. म्हणून आपले विद्यार्थी आजही कातड्यांचे गठ्ठे आणि गवताच्या गंजी पाठ करतात.

आता याच पेवात एक शब्द बदला. १ जुलैला सांगलीकर म्हणाले असते, "पेव आहे तसं घ्या, एकूण सोळा लाख. उघडणं, काढणं, भरणं तुमचं. पैसे १ ऑगस्टला द्या." नागपूरकर पक्कं म्हणाले असते, तर त्याच क्षणी मालकी त्यांच्याकडे गेली असती. कलम २० म्हणतं की विशिष्ट माल देण्याजोग्या अवस्थेत असेल आणि करार विनाअट असेल, तर करार होताच मालकी जाते. पैसे किंवा ताबा पुढे ढकललाय, याने काही बिघडत नाही. पूर तोच, पेव तेच, हळद तीच. फक्त नुकसान आता नागपूरचं. एकही पोतं पाहिलेलं नसताना १ ऑगस्टला सोळा लाख द्यायचे. हे ऐकून लोकांना अन्याय वाटतो, पण १८२७ च्या टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर या खटल्यात हेच घडलं. गवताची एक गंजी १४५ पौंडांना विकली गेली. पैसे महिन्याभराने, गवत उचलायचं मे महिन्यात. मध्येच गंजी जळाली. न्यायालयाने खरेदीदाराला पैसे द्यायला लावले.

तिसरा बदल परीक्षकांना फार आवडतो. "चार नंबरच्या पेवातली पन्नास क्विंटल तुमची", असं सांगितलं तर? पेवात त्याहून जास्त माल आहे, आणि त्यातली नेमकी कुठली पन्नास क्विंटल नागपूरची, हे सांगता येत नाही. कलम १८ प्रमाणे माल निश्चित होईपर्यंत मालकी जाऊच शकत नाही, दोघांची कितीही इच्छा असो. १९१७ च्या हीली विरुद्ध हॉवलेटमध्ये मासे पाठवले होते : एकूण १९० पेट्या, त्यातल्या वीस या खरेदीदाराच्या. कुठल्या वीस, हे ठरवून वेगळ्या करायचं काम वाटेत एका बंदरावर होणार होतं. गाडीला उशीर झाला आणि पेट्या वेगळ्या होण्याआधीच मासे खराब झाले. नुकसान विक्रेत्याचं.

इथे मला विद्यार्थ्यांना एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. कलम २२ मध्ये तोलण्याचं काम विक्रेत्यावर असेल तरच ते लागू होतं. नागपूरकर म्हणाले असते, "आमचा माणूस येईल, तो उघडून भरेल आणि आमच्या काट्यावर तोलून दर काढेल", तर हे कलम बाजूला पडतं. तेव्हा किंमत अजून कळलेली नसली तरी मालकी आधीच गेलेली असू शकते. १८६३ च्या टर्ली विरुद्ध बेट्समध्ये मातीचा ढीग विकला गेला, तोलायचं काम खरेदीदाराचं होतं, आणि मालकी तोलण्याआधीच गेली असं ठरलं. म्हणजे दर क्विंटलवर आहे की उक्ता, एवढं वाचून थांबायचं नाही. काटा कुणाच्या हातात, हेही वाचायचं. प्रश्नपत्रिकेत हा तपशील सहसा वाक्याच्या शेवटी लपवलेला असतो.

अजून एक वळण घ्यायचं राहिलं. समजा सौदा मूळचाच आहे, तोलायचं सांगलीकरांनी, पण बारदान आणि गाडी १० जुलैपर्यंत पाठवायची जबाबदारी नागपूरकरांची होती. त्यांनी पाठवली नाहीत. "या आठवड्यात नको, पुढच्या आठवड्यात बघू", असं दोन वेळा झालं. २५ ला पूर आला. मालकी अजून सांगलीकरांचीच आहे, तरी नुकसान नागपूरकरांचं. कलम २६ च्या पहिल्या परंतुकानुसार, ज्याच्या चुकीने ताबा देण्याला उशीर झाला, त्या उशिरामुळे जे नुकसान कदाचित झालंच नसतं, त्याची जोखीम त्याच्यावर. इथे शब्द 'कदाचित' आहे. उशीर झाला नसता तर हळद नक्कीच वाचली असती, हे सिद्ध करावं लागत नाही. १९४९ च्या डेम्बी हॅमिल्टन विरुद्ध बार्डन या खटल्यात सफरचंदाचा रस पिंपांत भरून तयार होता, खरेदीदार नेण्याचे निरोप द्यायला टाळाटाळ करत राहिला, आणि रस खराब झाला. भुर्दंड त्यालाच बसला.

पेवाचं इतकं पुरे. दुसऱ्या सौद्यात गणित उलटं आहे. तिथे मालकी विक्रेत्याच्या हातून निसटलेली आहे आणि तरीही तो हात-पाय हलवू शकतो. हे विद्यार्थ्यांना पचायला सर्वांत जड जातं.

शंभर पोती निवडलेली होती, तोललेली होती. उधारी तीस दिवसांची असली तरी कलम २० मुळे मालकी सौद्याच्या वेळीच नागपूरची झाली. ती निवडलेली नसती, तर ट्रकवर चढवताना झाली असती. करारानुसार माल खरेदीदाराकडे पोहोचवण्यासाठी वाहतूकदाराच्या हाती दिला आणि त्यावर स्वतःचा हक्क राखून ठेवला नाही, तर तो खरेदीदारासाठी वेगळा काढल्यासारखाच धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने मारवाड टेन्ट फॅक्टरीच्या खटल्यात याच तत्त्वावर निकाल दिला. लष्करासाठी तंबू जोधपूरहून रेल्वेने पाठवले गेले आणि पोहोचताना काही कमी भरले. माल रेल्वेच्या हवाली झाला तेव्हाच मालकी आणि जोखीम सरकारकडे गेली होती, म्हणून कमी भरलेल्या तंबूंचे पैसेही कारखान्याला मिळायला हवेत, असं न्यायालयाने सांगितलं.

मग सांगलीकरांकडे उरलं काय? त्यांना पूर्ण किंमत मिळालेली नाही, म्हणून कायद्याच्या भाषेत ते 'पैसे न मिळालेले विक्रेते' आहेत. कलम ४५ मध्ये ही व्याख्या आहे आणि तिच्यात एक व्यवहारी शहाणपण आहे : चेक किंवा हुंडी स्वीकारली आणि ती वटली नाही, तरी विक्रेता पैसे न मिळालेलाच. हातात चेक आहे म्हणजे पैसे आले, असं कायदा मानत नाही. अशा विक्रेत्याला मालावर तीन हक्क आहेत. पैसे मिळेपर्यंत माल धरून ठेवणं, वाटेतला माल रोखणं, आणि फेरविक्री. मालकी खरेदीदाराची झालेली असली तरी हे हक्क आहेत, किंबहुना ती झाल्यामुळेच त्यांची गरज आहे.

पहिला हक्क इथे संपलाय. माल धरून ठेवायचा तर तो ताब्यात हवा, आणि सांगलीकरांनी स्वतःचा हक्क न राखता तो ट्रान्सपोर्टकडे दिला. ट्रक निघाला त्या क्षणी कलम ४९ प्रमाणे हा हक्क गेला. बिल्टी स्वतःच्याच नावावर काढून बँकेमार्फत पाठवली असती आणि 'पैसे भरा, बिल्टी सोडवा' असा रस्ता ठेवला असता, तर गोष्ट वेगळी होती. उधारीवर माल देणाऱ्याला ते सुचत नाही, कारण उधारी म्हणजेच विश्वास.

दुसऱ्या हक्कासाठी दोन अटी हव्यात : खरेदीदार नादार झालेला हवा, आणि माल अजून वाटेत हवा. नादार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोर्टाचा आदेश येतो. त्याची गरज नाही. कलम २(८) नुसार, धंद्याच्या रोजच्या व्यवहारात ज्याने देणी देणं थांबवलंय, किंवा ज्याला देणी वेळेवर देता येत नाहीत, तो नादार. नागपूरकरांचे चेक एकामागून एक परत येत असतील आणि बाजारात त्यांचा पैसा थांबला असेल, तर ही अट पूर्ण होते. एखादाच चेक तांत्रिक कारणाने परत आला असेल, तर मात्र सांगलीकरांनी सावध राहावं, कारण खरेदीदार नादार नसताना माल अडवला तर उलट तेच भरपाईत अडकतील.

वाट कुठे संपते, हा याहून बारीक प्रश्न. कलम ५१ नुसार माल वाहतूकदाराच्या हाती दिल्यापासून खरेदीदार किंवा त्याचा माणूस तो उचलेपर्यंत तो वाटेत असतो. वाडीच्या गोदामात उतरला म्हणून वाट संपत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याने नागपूरकरांना "माल आलाय, घेऊन जा" असा नुसता फोन केला असेल, तरीही नाही. पण "माल आलाय, तुम्ही म्हणेपर्यंत तुमच्या वतीने आमच्याकडे ठेवतो" असं त्याने कबूल केलं असेल, तर तो आता वाहतूकदार उरला नाही, नागपूरकरांचा राखणदार झाला, वाट संपली. आणि पोती नागपूरकरांच्या स्वतःच्या ट्रकमधून, त्यांच्याच पगारी ड्रायव्हरने नेली असती, तर बहुधा सांगलीतच वाट संपली असती, कारण तो ड्रायव्हर म्हणजेच खरेदीदार. परीक्षकाने 'ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ट्रकने' हे शब्द उगाच घातलेले नाहीत.

रोखायचं कसं, तेही ठरलेलं आहे. एक तर माल प्रत्यक्ष ताब्यात घ्यायचा, नाही तर ज्याच्याकडे तो आहे त्या वाहतूकदाराला सूचना द्यायची. सूचना मुख्य कचेरीला दिली, तर ती अशा वेळेत द्यायला हवी की कचेरीने नीट तत्परता दाखवली तर वाडीच्या गोदामातल्या माणसापर्यंत पोहोचून माल देणं थांबवता येईल. सांगलीकरांनी २१ तारखेलाच ट्रान्सपोर्टच्या सांगली कचेरीत लेखी पत्र दिलं, बिल्टी नंबर टाकून वाडीच्या गोदामालाही थेट कळवलं, की काम झालं. पुढे ट्रान्सपोर्टवाल्याने माल सांगलीकरांना किंवा ते सांगतील त्याला द्यायचा. परतीचा खर्च सांगलीकरांच्या खिशातून.

आता गोंदियाची चाळीस पोती. नागपूरकरांनी विकली म्हणून सांगलीकरांचा हक्क सुटला का? कलम ५३ म्हणतं, सांगलीकरांनी त्या विक्रीला संमती दिली नसेल तर नाही. गोंदियावाल्याने फोनवर सौदा केला असेल, आगाऊ पैसेही दिले असतील, तरी त्याचा माल अडकतो आणि त्याने नागपूरकरांकडे दाद मागायची. कायदा इथे थोडा कठोर आहे हे खरं. पण एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. नागपूरकरांनी मालाचा हक्कदस्तऐवज पाठीमागे सही करून गोंदियावाल्याला दिला, आणि त्याने तो भल्या मनाने, मोबदला देऊन घेतला, तर सांगलीकर ती पोती रोखू शकत नाहीत. आता ट्रकची बिल्टी हा असा हक्कदस्तऐवज आहे का? कायद्याच्या व्याख्येत रेल्वे पावती नाव घेऊन आहे. ट्रकच्या बिल्टीचं नाव नाही. तिला 'व्यापारात मालाच्या ताब्याचा पुरावा म्हणून वापरला जाणारा इतर कुठलाही दस्तऐवज' या सर्वसाधारण शब्दांतून आत यावं लागतं. म्हणून गोंदियाच्या बाजारात बिल्टीवर सही करून माल विकायची पद्धत खरोखर आहे की नाही, याचा पुरावा लागेल. शिवाय बिल्टी शंभर पोत्यांची एकच आहे आणि विक्री चाळीसचीच, हाही गुंता आहेच. परीक्षेत इथे "पुराव्यावर अवलंबून" असं लिहिणं हा पळपुटेपणा नाही. ज्याने ठाम हो किंवा ठाम नाही लिहिलंय, त्याचे गुण मी कापेन.

माल रोखला म्हणजे करार मोडला, असं होत नाही. मालकी अजूनही नागपूरकरांची आहे. त्यांनी पैसे दिले तर पोती त्यांना द्यावीच लागतील. हळद परत सांगलीला आली आणि पैसे येत नाहीत, तर मग फेरविक्री, कलम ५४. नाशवंत माल असेल तर नोटीस न देताही विकता येतो. हळद नाशवंत नाही, म्हणून सांगलीकरांनी नागपूरकरांना कळवायचं की अमुक दिवसांत पैसे भरा, नाही तर माल दुसऱ्याला विकतो. वाजवी मुदत द्यायची. ती उलटली की विकायचं.

आकडे घेऊन पाहू. शंभर पोती म्हणजे पन्नास क्विंटल, चौदा हजारांनी सात लाख रुपये. दर पडला आणि फेरविक्री साडेबारा हजारांनी झाली, तर आले सव्वासहा लाख. पाऊण लाखाची तूट सांगलीकर नागपूरकरांकडून वसूल करू शकतात, वर विक्रीचा वाजवी खर्चही. दर चढून साडेपंधरा हजारांनी विकली गेली, तर पाऊण लाखाचा नफा सांगलीकरांचा. नागपूरकर त्यात वाटा मागू शकत नाहीत. आता समजा सांगलीकरांनी नोटीसच दिली नाही, रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी माल विकून टाकला. नव्या खरेदीदाराला काही धोका नाही, त्याचा हक्क पक्का. पण दर पडलेला असेल तर पाऊण लाखाची तूट सांगलीकरांनी स्वतः सोसायची, आणि दर चढलेला असेल तर पाऊण लाखाचा नफा ज्याने एक पैसाही दिलेला नाही त्या नागपूरकरांना द्यायचा. म्हणून नोटीस, तीही पोहोच मिळेल अशी.

माल हातून कायमचा गेला असेल, तर खरेदीदारावर थेट दावा हाच मार्ग उरतो, आणि तिथे मालकीचा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो. किंमत मागण्याचा दावा कलम ५५ प्रमाणे तेव्हाच करता येतो जेव्हा मालकी गेलेली असते, किंवा किंमत ठरलेल्या तारखेला, माल दिलेला असो वा नसो, द्यायची असं ठरलेलं असतं. मालकी गेलेली नसेल आणि खरेदीदार माल घ्यायला नाकारत असेल, तर फक्त नुकसानभरपाई, म्हणजे साधारणपणे ठरलेला दर आणि बाजारभाव यांतला फरक. मूळ सौद्यातल्या पेवात सांगलीकरांना यातलं काहीच मिळत नाही, कारण करारच संपलेला आहे. उक्त्या सौद्यात मात्र ते पूर्ण सोळा लाखांचा दावा लावू शकतात, आणि पेवात राहिलेला चिखल नागपूरकरांनी येऊन काढून न्यायचा.